चार चौक, पाच रस्ते आणि दोन मुक्त चल

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी एकदा प्रकल्पासाठी वाहतूक मोजायची ठरवली. नाशिकला राहणाऱ्याला विषय शोधायला लांब जावं लागत नाही. कॉलेज रोड आणि गंगापूर रोड जवळजवळ शेजारून धावतात, आणि त्या दोघांना जोडणाऱ्या आडव्या-तिरक्या रस्त्यांवर संध्याकाळी सहानंतर गाडी घालणाऱ्याला आपला निर्णय चुकला हे पहिल्याच वळणावर कळतं. मुलांनी तिथले चार चौक निवडले. बाहेरून तासाभरात किती गाड्या आत येतात आणि किती बाहेर पडतात, हे त्यांनी मोजून आणलं. आता चौकांना जोडणारे आतले पाच रस्ते राहिले होते, आणि मोजणीला बसायला त्या आठवड्यात दोघंच मोकळे होते.

“सर, पाच अज्ञातं आणि चार चौकांची चार समीकरणं,” एक मुलगी म्हणाली. “पाचातून चार गेले, एक उरला. म्हणजे एकाच रस्त्यावर माणूस बसवला की बाकीचं गणिताने निघेल.”

हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की वर्गात दहापैकी आठजण मान डोलावतात. पण ते चूक आहे. ते का चूक, आणि नक्की किती माणसं लागतील व त्यांना कुठे बसवायचं, हे सगळं एकाच कृतीतून बाहेर पडतं: मुक्त चल ओळखा आणि व्यापक उत्तर प्राचलांसह सदिशांच्या रूपात मांडा. परीक्षेत ही कृती पाच-सहा गुणांची असते. मुलं ती पाठ करतात आणि चिन्हांत घसरतात. इथे आपण ती याच चार चौकांवर सावकाश करू.

आधी नकाशा, मग समीकरणं

खरे रस्ते दुतर्फा असतात. तसं करायचं तर प्रत्येक रस्त्यासाठी दोन चल लागतील आणि पान भरून जाईल. म्हणून प्रत्येक रस्ता एकदिशा मानू आणि गाड्यांचे आकडे शंभराच्या पटीत ठेवू. चौकांना अ, ब, क, ड म्हणू. बाणाजवळचा आकडा म्हणजे तासाला जाणाऱ्या गाड्या.

```
 600 → अ ─── x₁ ──→ ब → 200
       ↑ ╲          │
      x₅   x₃       x₂
       │      ╲     ↓
 500 ← ड ←── x₄ ─── क ← 100
```

म्हणजे x₁ हा अ कडून ब कडे, x₂ हा ब कडून क कडे, x₃ हा अ कडून थेट क कडे जाणारा तिरका बोळ, x₄ हा क कडून ड कडे आणि x₅ हा ड कडून परत अ कडे. बाहेरून अ मध्ये ६०० आणि क मध्ये १०० गाड्या शिरतात. ब मधून २०० आणि ड मधून ५०० बाहेर जातात. आत ७००, बाहेर ७००. ही बेरीज जुळते का, हे सगळ्यात आधी पाहायचं. ती का महत्त्वाची, ते पुढे येईलच.

नियम एकच: चौकात जितक्या गाड्या येतात तितक्याच निघतात. अ मध्ये बाहेरचे ६०० आणि x₅ येतात, x₁ आणि x₃ निघतात. याच पद्धतीने चारही चौक लिहिले, अज्ञातं डावीकडे आणि संख्या उजवीकडे नेल्या, की हे मिळतं:

```
अ :  x₁      + x₃      − x₅ =  600
ब :  x₁ − x₂                =  200
क :       x₂ + x₃ − x₄      = −100
ड :                 x₄ − x₅ =  500
```

लिहिताना x₁ खाली x₁, x₂ खाली x₂ असं ठेवा, आणि जिथे चल नाही तिथे जागा मोकळी सोडा. हे दिसायला टापटिपीचं काम वाटतं, पण मॅट्रिक्स लिहिताना शून्य विसरण्याची चूक इथेच टळते. ‘ब’ च्या समीकरणात पाचपैकी तीन चल नाहीत, म्हणजे त्या ओळीत तीन शून्यं यायलाच हवीत.

ओळी सोडवणं

सहगुणक आणि उजवीकडच्या संख्या मिळून विस्तारित मॅट्रिक्स:

```
[ 1   0   1   0  −1 |  600 ]
[ 1  −1   0   0   0 |  200 ]
[ 0   1   1  −1   0 | −100 ]
[ 0   0   0   1  −1 |  500 ]
```

पहिल्या ओळीतला पहिला १ हा आपला पहिला पिव्हट. त्याच्या खालचा १ घालवायचा, म्हणून दुसऱ्या ओळीतून पहिली वजा करा. दुसरी ओळ 0 −1 −1 0 1 | −400 अशी होते. तिला −1 ने गुणा: 0 1 1 0 −1 | 400. हा दुसरा पिव्हट, दुसऱ्या स्तंभात.

आता तिसऱ्या ओळीतून ही नवी दुसरी ओळ वजा करा. दुसऱ्या स्तंभातला १ जातो, पण त्याच्याबरोबर तिसऱ्या स्तंभातलाही जातो, आणि ओळ 0 0 0 −1 1 | −500 होते. इथे मुलं थबकतात. तिसऱ्या ओळीचा पिव्हट तिसऱ्या स्तंभात असायला हवा अशी त्यांच्या मनात खूणगाठ असते, आणि तिथे शून्य दिसलं की आपलंच काहीतरी चुकलं म्हणून ती मागे जाऊन खोडाखोड करतात. चुकलेलं काही नाही. तिसऱ्या स्तंभात, दुसऱ्या ओळीच्या खाली आता सगळी शून्यंच आहेत, म्हणून त्या स्तंभाला पिव्हट मिळत नाही. उजवीकडे सरका. चौथ्या स्तंभात −1 आहे, ओळीला −1 ने गुणलं की 0 0 0 1 −1 | 500, आणि तिसरा पिव्हट चौथ्या स्तंभात बसतो.

शेवटी चौथ्या ओळीतून तिसरी वजा करा. दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या आहेत, त्यामुळे चौथी पूर्ण शून्य होते:

```
[ 1   0   1   0  −1 |  600 ]
[ 0   1   1   0  −1 |  400 ]
[ 0   0   0   1  −1 |  500 ]
[ 0   0   0   0   0 |    0 ]
```

पिव्हटच्या खालीही शून्यं आणि वरही शून्यं, प्रत्येक पिव्हट १. याला पूर्ण सोडवलेलं पायरीरूप म्हणायचं. पिव्हटच्या वर काही उरलं असेल तर इथे थांबू नका, तेही काढा. न काढता पुढे गेलात तर x₁ च्या सूत्रात x₂ शिल्लक राहतो, मग त्यात पुन्हा x₂ ची किंमत घालावी लागते, आणि बहुतेक चिन्हं त्या घालण्यात उलटतात. आपल्या गणितात वरची जागा आपोआप शून्य निघाली. दरवेळी तसं होत नाही.

शून्य झालेली चौथी ओळ म्हणजे त्या मुलीच्या हिशेबातली खोट. समीकरणं चार दिसत होती, पण एक बाकीच्या तिघांत आधीच दडलेलं होतं. अ, ब आणि क या चौकांत गाड्यांचा हिशेब जुळला आणि संपूर्ण भागात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या सारख्या असल्या, तर ड चा हिशेब जुळणारच; तो वेगळी माहिती देत नाही. चौकांच्या कोणत्याही जोडलेल्या जाळ्यात असं एक समीकरण फुकट जातं. म्हणून मुक्त चलांची संख्या काढताना समीकरणं मोजायची नाहीत, पिव्हट मोजायचे. अज्ञातं पाच, पिव्हट तीन, मुक्त चल दोन.

मुक्त कोण, हे स्तंभांना विचारा

शेवटच्या मॅट्रिक्समधली उभी रेघ झाका आणि डावीकडचे पाच स्तंभ पाहा. पिव्हट पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या स्तंभात आहेत, म्हणून x₁, x₂, x₄ हे बांधील चल. पिव्हट नसलेले स्तंभ तिसरा आणि पाचवा, म्हणून x₃ आणि x₅ मुक्त.

बरीच मुलं ‘शेवटचे दोन मुक्त’ असं ठोकून देतात, कारण क्लासमधली सोपी उदाहरणं बहुधा तशीच असतात. इथे शेवटचे दोन, म्हणजे x₄ आणि x₅, मुक्त धरले तर काय होईल? तिसरी ओळ म्हणते x₄ − x₅ = 500. एकाला किंमत दिली की दुसऱ्याची ठरूनच जाते, मग दोघांना हवी ती किंमत कशी देणार? x₄ = 700 आणि x₅ = 100 घेतलं तर समीकरणच मोडतं. मुक्त चल म्हणजे ज्यांना एकाच वेळी, एकमेकांकडे न बघता, कोणतीही किंमत देता येते असे चल.

आणखी एक फसवी जागा. समजा क चौकातून एक गल्ली निघते, वळसा घालून पुन्हा क मध्येच येते, आणि तिच्यावरच्या गाड्या x₆ आहेत. क च्या समीकरणात x₆ एकदा येणाऱ्यांत आणि एकदा जाणाऱ्यांत येईल, म्हणजे खोडला जाईल. मॅट्रिक्समध्ये त्याचा स्तंभ पूर्ण शून्य. समीकरणांत कुठेच दिसत नाही म्हणून मुलं त्याला उत्तरातूनही वगळतात. पण स्तंभाला पिव्हट नाही, म्हणजे तो मुक्त आहे, आणि उत्तरात त्याचा स्वतःचा सदिश यायलाच हवा.

उत्तर सदिशांत मांडणं

आता तीन ओळी पुन्हा समीकरणांत लिहा आणि बांधील चल डावीकडे एकटे ठेवा. मुक्त चल उजवीकडे जाताना चिन्ह बदलतं. पहिली ओळ x₁ + x₃ − x₅ = 600, म्हणून x₁ = 600 − x₃ + x₅. दुसरी आणि तिसरी तशीच.

याच्यापुढे मी मुलांना एक सवय लावतो, आणि ती लागली की निम्म्या चुका बंद होतात. बांधील चलांची तीन समीकरणं लिहून थांबायचं नाही. मुक्त चलांचीही लिहायची: x₃ = x₃ आणि x₅ = x₅. बावळटपणा वाटतो, वाटू दे. पाचही ओळी आपापल्या क्रमाने, एकाखाली एक:

```
x₁ = 600 − x₃ + x₅
x₂ = 400 − x₃ + x₅
x₃ =       x₃
x₄ = 500      + x₅
x₅ =            x₅
```

आता वाचायचं ते उभं. संख्यांचा एक स्तंभ, x₃ च्या सहगुणकांचा एक, x₅ च्या सहगुणकांचा एक. जिथे काही नाही तिथे शून्य. x₃ ला s आणि x₅ ला t हे प्राचल म्हणा, आणि उत्तर समोर आहे:

```
[x₁]   [600]       [−1]       [1]
[x₂]   [400]       [−1]       [1]
[x₃] = [  0] + s · [ 1] + t · [0]
[x₄]   [500]       [ 0]       [1]
[x₅]   [  0]       [ 0]       [1]
```

मुक्त चलांच्या ओळी न लिहिणाऱ्या मुलाचे सदिश तीनच घटकांचे होतात, किंवा तिसऱ्या जागी येणारा १ भलतीकडे जाऊन बसतो. बरोबर मांडणीची एक झटपट खूण आहे. फक्त मुक्त चलांच्या जागा बघा, इथे तिसरी आणि पाचवी. संख्यांच्या सदिशात तिथे 0, 0 हवं. s च्या सदिशात 1, 0 आणि t च्या सदिशात 0, 1. असं नसेल तर पुढे न जाता मागे बघा.

दुसरी तपासणी चिन्हांची. संख्यांचा सदिश मूळ समीकरणांत घातला की उजव्या बाजू मिळाल्या पाहिजेत: अ साठी 600 + 0 − 0 = 600, ब साठी 600 − 400 = 200, क साठी 400 + 0 − 500 = −100, ड साठी 500 − 0 = 500. आणि s, t चे सदिश घातले की प्रत्येक ठिकाणी शून्य मिळालं पाहिजे. s चा सदिश क मध्ये: −1 + 1 − 0 = 0. t चा सदिश क मध्ये: 1 + 0 − 1 = 0. उरलेल्या जागाही अशाच करून बघा. दिशा दाखवणाऱ्या सदिशातून शून्याऐवजी 2 किंवा −2 असलं काही निघत असेल, तर चल उजवीकडे नेताना चिन्ह बदलायचं राहिलं असं समजा. ही तपासणी सोडवलेल्या मॅट्रिक्सवर करू नका, मूळ समीकरणांवरच करा, नाहीतर ओळी सोडवताना झालेली चूक लपून राहते.

हे सदिश रस्त्यावर काय सांगतात

या उदाहरणावर माझा जीव आहे तो यासाठी. s चा सदिश म्हणतो: x₁ एकने कमी, x₂ एकने कमी, x₃ एकने जास्त. म्हणजे अ वरून ब मार्गे क ला जाणाऱ्या एका गाडीने बेत बदलला आणि तिरक्या बोळातून थेट क गाठलं. चौकांच्या हिशेबाला त्याचा पत्ताही लागत नाही. t चा सदिश म्हणतो: x₁, x₂, x₄, x₅ चारही एकने जास्त. ही अ, ब, क, ड करत पुन्हा अ ला येणारी गाडी, पार्किंगला जागा शोधत गोल फिरणारी. तीही बाहेरच्या मोजणीत कुठे दिसत नाही. बाहेरून कितीही काटेकोर मोजलं तरी बोळात किती वळले आणि गोल गोल किती फिरतायत हे कळणार नाही. s आणि t हेच दोन आकडे अज्ञात राहतात.

गणिताला s आणि t काहीही चालतात, रस्त्याला नाही. उलट्या दिशेच्या गाड्या आपण धरलेल्या नाहीत, म्हणून पाचही चल शून्य किंवा जास्त हवेत. x₃ आणि x₅ वरून s ≥ 0, t ≥ 0. x₂ वरून s ≤ 400 + t. x₁ ची अट s ≤ 600 + t, ती x₂ च्या अटीत आपोआप येते. आता नीट बघा: x₄ = 500 + t आणि t ऋण नाही, म्हणजे क ते ड रस्त्यावर तासाला किमान ५०० गाड्या असणारच. एकही माणूस न बसवता हे कळलं. तो रस्ता खोदकामासाठी बंद ठेवायचा म्हटलं तर बाहेरचे आकडे आहेत तसे राहूच शकत नाहीत. तिरका बोळ मात्र s = 0 करून खुशाल बंद करता येतो.

माणसं कुठे बसवायची

मुक्त चल दोन, म्हणून माणसं दोन. एक x₃ वर, एक x₅ वर, की बाकी तिन्ही रस्ते सूत्रांनी निघतात. पण त्या बोळाच्या तोंडाशी उभं राहायला जागा नव्हती. दुसरे कोणते दोन चालतील?

सदिशांच्या ओळींकडे बघा, फक्त s आणि t चे सहगुणक. x₁ साठी (−1, 1), x₂ साठी (−1, 1), x₃ साठी (1, 0), x₄ साठी (0, 1), x₅ साठी (0, 1). दोन माणसांच्या आकड्यांवरून s आणि t दोन्ही काढायचे असतील तर त्यांच्या ओळी एकाच दिशेच्या असून चालणार नाहीत. x₁ आणि x₂ च्या ओळी सारख्याच आहेत, म्हणजे तिथे दोघं बसले तरी दोघं मिळून एकच गोष्ट मोजतील. त्यांच्या आकड्यांत दोनशेचा फरक असणार हे आधीच माहीत आहे. x₄ आणि x₅ चं तसंच. दहा जोड्यांपैकी या दोन बाद, उरलेल्या आठ चालतात.

मुलांपैकी एकाने x₁ आणि x₄ ही जोडी घेतली आणि तेच दोन मुक्त धरून उत्तर पुन्हा लिहिलं, x₁ = w आणि x₄ = u म्हणून:

```
[x₁]   [   0]       [ 1]       [0]
[x₂]   [−200]       [ 1]       [0]
[x₃] = [ 100] + w · [−1] + u · [1]
[x₄]   [   0]       [ 0]       [1]
[x₅]   [−500]       [ 0]       [1]
```

“सर, माझं उत्तर वेगळं आलं. शिवाय उणे गाड्या आल्यात,” तो म्हणाला. उत्तर वेगळं नाही, त्याच संचाचं दुसऱ्या जागेवरून केलेलं वर्णन आहे. पहिला सदिश हा फक्त सुरुवातीचा ठिपका असतो. w आणि u दोन्ही शून्य असताना तो मिळतो, आणि x₄ शून्य होऊ शकत नाही हे आपण पाहिलंच. दोन उत्तरं एकच आहेत का, हे पडताळायला त्याचा ठिपका आपल्या सूत्रात बसतो का बघा. s त्याच्या x₃ इतका, म्हणजे 100. t त्याच्या x₅ इतका, म्हणजे −500. घालून पाहा: x₁ = 600 − 100 − 500 = 0, x₂ = 400 − 100 − 500 = −200, x₄ = 500 − 500 = 0. बसला. त्याच्या दिशाही आपल्यातूनच निघतात: w चा सदिश म्हणजे आपल्या s च्या सदिशाची चिन्हं उलटी, आणि u चा सदिश म्हणजे आपल्या दोन्ही सदिशांची बेरीज. पुस्तकामागचं उत्तर तुमच्याशी जुळलं नाही तर खोडण्याआधी एवढं करा.

शेवटची ओळ जुळली नाही तर

पहिल्या मोजणीत ड मधून बाहेर पडणाऱ्या गाड्या मुलांनी ५०० ऐवजी ४८० आणल्या होत्या. त्या घालून ओळी सोडवल्या की चौथी ओळ 0 0 0 0 0 | −20 अशी येते, म्हणजे शून्य बरोबर उणे वीस. अशा वेळी एकही उत्तर नाही. तरीही बरीच मुलं त्या ओळीकडे काणाडोळा करून वरच्या तीन ओळींतून s आणि t चं सुंदर उत्तर लिहितात, आणि सगळे गुण घालवतात. क्रम असा ठेवा: आधी शेवटच्या स्तंभात पिव्हट आलाय का ते पाहा, तो नसेल तरच मुक्त चल शोधा.

रस्त्यावर या विसाचा अर्थ सरळ आहे. आत ७०० गेल्या आणि बाहेर ६८० आल्या. वीस गाड्या आत कुठेतरी थांबल्या असतील किंवा मोजणाऱ्याच्या नजरेतून सुटल्या असतील. खऱ्या मोजणीत बेरीज अशी क्वचितच तंतोतंत जुळते. पुन्हा मोजायचं, नाहीतर फरक कुठे टाकायचा हे ठरवून तसं लिहून ठेवायचं. मुलांनी पुन्हा मोजलं.

संगणकावर करायचं असेल तर

पायथनमध्ये सिम्पाय असेल तर सगळं सहा ओळींत होतं:

```python
from sympy import Matrix
M = Matrix([[1,0,1,0,-1,600], [1,-1,0,0,0,200],
            [0,1,1,-1,0,-100], [0,0,0,1,-1,500]])
R, piv = M.rref()
print(R, piv)
print(M[:, :5].nullspace())
```

`piv` मध्ये `(0, 1, 3)` येतं. मोजणी शून्यापासून असल्यामुळे हे आपले पहिला, दुसरा आणि चौथा स्तंभ. त्यात `5` दिसला तर शेवटच्या स्तंभात पिव्हट आला, उत्तर नाही. `nullspace()` आपले s आणि t चे सदिश देतं, आणि सुरुवातीचा सदिश `R` च्या शेवटच्या स्तंभातून वाचायचा: पिव्हटच्या जागी त्या ओळीतली संख्या, मुक्त जागी शून्य.

नमपायच्या `numpy.linalg.solve` ला चौरस मॅट्रिक्स लागतं, म्हणून ते इथे चालत नाही. मग कोणीतरी `numpy.linalg.lstsq` सुचवतं. ते चालतं, आणि म्हणूनच घातक आहे. अनंत उत्तरांतून ते सर्वांत कमी लांबीचा एकच सदिश उचलून देतं. आपल्या गणितात तो s = 125, t = −312.5 ला मिळतो: x₁ = 162.5, x₂ = −37.5, x₃ = 125, x₄ = 187.5, x₅ = −312.5. समीकरणं सगळी जुळतात, पण उलट्या दिशेने जाणाऱ्या तीनशे साडेबारा गाड्या कॉलेज रोडच्या पोलिसालाही सापडणार नाहीत. शिवाय उत्तरं अनेक आहेत ही बातमीच त्या छापलेल्या आकड्यांत कुठे नाही.

शेवटी बोळासमोरच्या झेरॉक्सवाल्याने एक स्टूल दिलं, म्हणून पहिलीच जोडी कायम राहिली: एकजण x₃ वर, एकजण x₅ वर. तासाभरात बोळातून १५० आणि ड कडून अ कडे ४० गाड्या मोजल्या गेल्या. s = 150, t = 40, म्हणून x₁ = 490, x₂ = 290, x₄ = 540. त्या पहिल्या मुलीला मात्र अजून पटलेलं नव्हतं. तिने आपली परीक्षा आटोपून त्याच तासात तिसरी खुर्ची x₂ वर टाकली होती. तिच्या वहीत २८३ होते, आणि समासात तिनेच लिहिलं होतं: ‘ब च्या पुढे चहाची टपरी. सात दुचाकी माझ्यापर्यंत पोचल्याच नाहीत.’